माहीत नाही, हे माहीत होतं

दोन पूर्णांक आहेत. दोन्ही १ पेक्षा मोठे, एकमेकांपासून वेगळे, आणि त्यांची बेरीज १०० च्या पुढे जात नाही. एका त्रयस्थाने ते मनात धरले, त्यांची बेरीज एका गृहस्थांच्या कानात सांगितली आणि गुणाकार दुसऱ्यांच्या. सोयीसाठी पहिल्यांना बेरजे म्हणू आणि दुसऱ्यांना गुणे. एकाला काय सांगितलं ते दुसऱ्याला ठाऊक नाही, पण वरच्या अटी दोघांनाही माहीत आहेत. मग दोघांत एवढंच बोलणं होतं:

गुणे: आकडे कोणते, ते मला सांगता येत नाही.
बेरजे: तुम्हाला सांगता येणार नाही, हे मला आधीच माहीत होतं.
गुणे: असं होय? मग आता मला कळले.
बेरजे: मग मलाही कळले.

प्रश्न आपल्याला आहे: ते दोन आकडे कोणते? आपल्या कानात तर कुणीच काही सांगितलेलं नाही.

हे कोडं १९६९ साली हान्स फ्रॉयडेन्थाल यांनी नेदरलँड्समधल्या ‘न्यू आर्खीफ व्होर विस्कुंडे’ या गणिताच्या नियतकालिकात मांडलं. फ्रॉयडेन्थाल उत्रेख्त विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. दहा वर्षांनी मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात ते घेतलं आणि ‘अशक्य कोडं’ या नावाने ते जगभर पसरलं. अशक्य वाटण्याचं कारण उघड आहे. चार वाक्यांत एकही आकडा नाही, आणि त्यातली पहिली दोन तर न कळण्याबद्दलच आहेत. पण ‘मला कळत नाही’ हीसुद्धा माहितीच असते, फक्त ती उलट्या बाजूने वाचावी लागते: कोणते आकडे असते तर हा माणूस असं म्हणूच शकला नसता?

सगळं कोडं या एका प्रश्नावर चालतं. आधी एका लहान उदाहरणावर तो वापरून बघू.

समजा गुणेंच्या कानात १८ सांगितलं आहे. १८ चे अवयव दोन प्रकारे पाडता येतात, २ × ९ किंवा ३ × ६. (१ × १८ चालत नाही, कारण १ वापरायचा नाही.) दोन शक्यता आहेत म्हणून ते प्रामाणिकपणे म्हणतात, सांगता येत नाही. आता बेरजे म्हणतात, मला हे आधीच माहीत होतं. गुणे विचार करतात: आकडे ३ आणि ६ असते तर बेरजेंच्या कानात ९ असते. ९ हातात असलेल्या माणसाला २ आणि ७ ही जोडीही शक्य वाटली असती. तसं असतं तर माझ्याकडे १४ आले असते, आणि १४ म्हणजे २ × ७, दुसरं काही नाही. म्हणजे मला लगेच कळलं असतं. मग ९ वाला माणूस ‘तुम्हाला कळणार नाही हे माहीत होतं’ असं छातीठोकपणे कसं म्हणेल? तो म्हणू शकत नाही. म्हणून बेरीज ९ नाही, ती ११ आहे आणि आकडे २ आणि ९. तिसरं वाक्य गुणे बिनदिक्कत बोलू शकतात.

पण आता बेरजेंकडे बघा. त्यांच्याकडे ११ आहेत. त्यांच्या दृष्टीने गुणेंकडे १८ असू शकतात, ३ × ८ म्हणजे २४ असू शकतात, ४ × ७ म्हणजे २८ही असू शकतात. या तिन्हींपैकी काहीही असलं तरी गुणेंनी ‘आता कळले’ असंच म्हटलं असतं. त्यामुळे बेरजे तिथेच अडकतात आणि चौथं वाक्य त्यांच्या तोंडून येत नाही. आपण ऐकलेल्या संभाषणात चौथं वाक्य आहे. म्हणून बेरीज ११ नव्हती.

ही कोड्याची घडण ध्यानात आली की उरतं ते चिकाटीचं काम.

अटींत बसणाऱ्या जोड्या एकूण २३५२ आहेत. एवढ्या जोड्यांचा तक्ता मांडून एकेक खोडत बसायची गरज नाही. कारण दुसरं वाक्य बेरजेंचं आहे आणि बेरजेंना जोडी दिसत नाही, फक्त बेरीज दिसते. त्यांना ‘गुणेंना कळणार नाही’ याची खात्री असायची, तर त्यांच्या बेरजेच्या झाडून सगळ्या जोड्यांत गुणाकारावरून लगेच ओळखू येणारी जोडी एकही नसली पाहिजे. एक जरी निघाली तरी खात्री गेली, आणि ती अख्खी बेरीज बाद. हे कोडं सोडवताना हमखास चूक होते ती इथेच. २ आणि ७ ही जोडी लोक खोडतात, पण ३ आणि ६ तशीच ठेवतात. खोडायची असते ९ ही बेरीज, तिच्या सगळ्या जोड्यांसकट.

जाता जाता एक सांगायला हवं. गुणेंचं पहिलं वाक्य आपल्याला नवीन काहीच देत नाही. बेरजेंना जे आधीच माहीत होतं ते खरं असणारच, म्हणून पहिलं वाक्य दुसऱ्याच्या पोटातच आहे. ते आहे ते संभाषण सुरू व्हावं म्हणून.

लगेच ओळखू येणारी जोडी कोणती? सगळ्यात सोपी म्हणजे दोन वेगळ्या मूळ संख्यांची. ५ × २३ म्हणजे ११५ ऐकलं की दुसरा पर्यायच नाही. आता सम बेरजा घ्या. ८ पासून १०० पर्यंतची प्रत्येक सम संख्या दोन वेगळ्या मूळ संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते: ८ म्हणजे ३ + ५, २८ म्हणजे ५ + २३, १०० म्हणजे ३ + ९७. कितीही मोठ्या सम संख्येला दोन मूळ संख्यांत फोडता येतं का, हा गोल्डबाखचा १७४२ पासूनचा प्रश्न अजून कुणी सिद्ध केलेला नाही. पण आपल्याला शंभरापर्यंतच जायचं आहे आणि तेवढं हाताने तपासता येतं. राहिली ६. तिची एकच जोडी, २ आणि ४, आणि ८ या गुणाकारावरून ती लगेच कळते. म्हणजे सगळ्या सम बेरजा एका झटक्यात गेल्या.

विषम बेरजेत दोन मूळ संख्या हव्या असतील तर त्यातली एक २ असलीच पाहिजे. म्हणून ज्या विषम बेरजेतून २ वजा केल्यावर मूळ संख्या उरते ती बाद: ९ मधून ७ उरतात, १३ मधून ११, २५ मधून २३.

मोठ्या बेरजांसाठी ५३ या मूळ संख्येचा उपयोग होतो. ५३ ची दुप्पट १०६, म्हणजे शंभराच्या बाहेर. त्यामुळे गुणाकारात ५३ हा अवयव दिसला की जोडीतला एक आकडा खुद्द ५३ च असणार, आणि गुणेंना दुसरा आपोआप कळणार. आता ५५ पासून १०० पर्यंतची कोणतीही बेरीज घ्या, तिच्यात ‘५३ आणि उरलेले’ ही जोडी असतेच. म्हणून ५५ आणि त्यापुढच्या सगळ्या बेरजा गेल्या.

एक लपलेला अपवाद आहे, ५१. ५१ मधून २ गेले की ४९ उरतात. ती मूळ संख्या नाही, त्यामुळे पहिल्या चाळणीतून ५१ सुटते. पण १७ + ३४ ही जोडी बघा. गुणाकार ५७८, म्हणजे २ × १७ × १७. त्याचे दुसरे अवयव २ × २८९, आणि त्यांची बेरीज शंभराच्या कितीतरी पुढे. म्हणजे ५७८ ऐकताच गुणेंना १७ आणि ३४ कळले असते. म्हणून ५१ ही बाद.

उरतात दहा बेरजा: ११, १७, २३, २७, २९, ३५, ३७, ४१, ४७ आणि ५३. एका वाक्याने २३५२ जोड्यांच्या १४५ केल्या. संभाषणातलं सगळ्यात वजनदार वाक्य हेच, आणि त्यात सांगितलंय काय, तर समोरच्याला काही कळत नाही हे मला माहीत होतं.

आता तिसरं वाक्य. ही दहा बेरजांची यादी गुणेंनाही करता येते. ते आपल्या गुणाकाराचे अवयव वेगवेगळ्या प्रकारे पाडतात, प्रत्येकाची बेरीज करतात आणि त्यातली यादीत किती बसतात ते बघतात. नेमकी एक बसली तरच ते म्हणतील, आता कळले. ३० घेतले तर ५ + ६ ची बेरीज ११ आणि २ + १५ ची १७, दोन्ही यादीत आहेत. ३० असते तर गुणे गप्पच राहिले असते.

चौथं वाक्य बेरजेंचं. त्यांच्या बेरजेच्या सगळ्या जोड्यांत, जिच्यावर गुणे ‘कळले’ म्हणाले असते अशी जोडी एकच असली पाहिजे. दोन निघाल्या तर ११ चं जे झालं तेच होणार.

दहाही बेरजांच्या १४५ जोड्या तपासता येतात, पण त्यापेक्षा सोपी वाट आहे. यादीतल्या सगळ्या बेरजा विषम आहेत, म्हणजे जोडीतला एक आकडा सम आणि दुसरा विषम असतो. समजा एक आकडा ४, ८, १६ किंवा ३२ आहे, म्हणजे नुसत्या दोनांचा गुणाकार, आणि दुसरा विषम मूळ संख्या आहे. उदाहरणार्थ ८ × १९. या गुणाकाराची विषम बेरीज देणारी फोड एकच निघते. सगळे दोन एकाच बाजूला ठेवावे लागतात, आणि १९ त्यांच्या बाजूला टाकले तर पलीकडे १ उरतो, तो चालत नाही. म्हणून अशी जोडी असली की गुणे तिसऱ्या वाक्यात हमखास ‘कळले’ म्हणणार.

मग ज्या बेरजेत अशा दोन जोड्या सापडतील ती बेरीज चौथ्या वाक्यावर अडकली. ११ मध्ये ४ + ७ आणि ८ + ३. २३ मध्ये ४ + १९ आणि १६ + ७. २७ मध्ये ४ + २३ आणि ८ + १९. ३५ मध्ये ४ + ३१ आणि १६ + १९. ३७ मध्ये ८ + २९ आणि ३२ + ५. ४७ मध्ये ४ + ४३ आणि १६ + ३१. सहा बेरजा गेल्या. उरल्या १७, २९, ४१ आणि ५३, ज्यांत अशी जोडी एकेकच आहे.

या चारांसाठी दुसऱ्या तऱ्हेची जोडी शोधावी लागते. २९ मध्ये १६ + १३ आहेच, शिवाय २ + २७ घ्या. गुणाकार ५४. तो ३ × १८ किंवा ६ × ९ असाही फोडता येतो, पण त्यांच्या बेरजा २१ आणि १५, दोन्ही यादीबाहेर. म्हणजे ५४ वरही गुणेंना कळलं असतं. दोन जोड्या झाल्या, २९ गेली. ४१ मध्ये ४ + ३७ च्या जोडीला १० + ३१ आहे: गुणाकार ३१०, दुसरी फोड ५ × ६२, बेरीज ६७, यादीबाहेर. (२ × १५५ तर शंभराच्याच बाहेर.) ५३ मध्ये १६ + ३७ च्या जोडीला ६ + ४७ आहे: गुणाकार २८२, दुसरी फोड ३ × ९४, बेरीज ९७, तीही यादीबाहेर. त्याही गेल्या.

एकटी १७ उरली. पण बाकीच्या बाद झाल्या म्हणून ती बरोबर ठरत नाही, तीही तपासून घ्यायला हवी. तिच्या जोड्या फक्त सात आहेत. २ × १५ म्हणजे ३०, ते आपण वर पाहिलं, ११ ही शक्य राहते. ३ × १४ म्हणजे ४२, तेच २ × २१, बेरीज २३, यादीत आहे. ५ × १२ म्हणजे ६०, तेच ३ × २०, पुन्हा २३. ६ × ११ म्हणजे ६६, तेच २ × ३३, बेरीज ३५. ७ × १० म्हणजे ७०, तेच २ × ३५, बेरीज ३७. ८ × ९ म्हणजे ७२, तेच ३ × २४, बेरीज २७. या सहांपैकी कोणताही गुणाकार असता तर गुणे घोटाळ्यात राहिले असते. उरलेली जोडी ४ × १३, गुणाकार ५२. त्याची दुसरी फोड २ × २६, बेरीज २८, सम, यादीबाहेर. आकडे ४ आणि १३.

आता हेच पुन्हा दोघांच्या जागी बसून बघा. गुणेंचं काम किती हलकं होतं! त्यांच्याकडे ५२, शक्यता दोनच, २८ किंवा १७. बेरजे बोलले तेव्हा त्यांना दहा बेरजांची यादीही करायची नव्हती. २८ म्हणजे ५ + २३ एवढं दिसलं की संपलं. बेरजेंना सात जोड्यांपैकी प्रत्येक जोडीवर गुणे काय म्हणाले असते हे ताडायचं होतं. आणि आपल्याला दोघांच्याही डोक्यात शिरायचं होतं, शिवाय एकाच्या डोक्यातल्या दुसऱ्याच्याही. संगणकशास्त्रज्ञ एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी हे कोडं नुसतं डोक्यात सोडवलं आणि ते कसं, त्यावर टिपण लिहिलं. वरची वाट दिसली की ते अविश्वसनीय वाटत नाही, पण कागद न घेता ती सापडणं हे त्यांनाच जमावं.

यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. दोघेही खरं बोलतात, दोघांचाही हिशेब अचूक आहे, आणि हे दोघांनाही एकमेकांबद्दल ठाऊक आहे. गुणे विसराळू असतील आणि त्यांना एखादी फोड सुचलीच नाही, तर ‘कळत नाही’ या शब्दांतून काहीच निष्पन्न होत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आरंभीच्या संशोधकांपैकी जॉन मॅकार्थी यांना हे कोडं महत्त्वाचं वाटलं ते याचसाठी. कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला काय माहीत नाही, हे तर्कशास्त्राच्या चिन्हांत कसं लिहायचं, हे त्यांनी याच उदाहरणावर मांडून दाखवलं.

शंभराची मर्यादा नुसती आकार सांगण्यासाठी आहे असं वाटतं. उत्तर ४ आणि १३, मग मर्यादा साठ केली तर काय बिघडलं? करून बघा. १२४ हा गुणाकार ४ × ३१ किंवा २ × ६२. बेरीज ६० च्या पुढे जायची नसेल तर २ + ६२ चालत नाही, म्हणून १२४ वर गुणेंना लगेच ४ आणि ३१ कळतात. मग ३५ ही बेरीज दुसऱ्या वाक्यावरच बाद होते. ३५ यादीतून गेली की ६६ चा घोटाळा सुटतो, कारण २ × ३३ ला आधार उरत नाही आणि ६ × ११ एकटं राहतं. आता १७ वाल्या बेरजेंसमोर ५२ ही आहे आणि ६६ ही. दोन्हींवर गुणे ‘कळले’ म्हणाले असते, त्यामुळे बेरजे चौथं वाक्य बोलू शकत नाहीत. लांबच्या, कोड्याशी काही संबंध नसलेल्या ६४ या बेरजेला बंदी घातली आणि उत्तर मोडलं.

गार्डनर यांच्यासारखा मुरलेला माणूसही इथे फसला. वाचकांचं काम हलकं व्हावं म्हणून त्यांनी प्रत्येक आकडा २ ते २० मध्ये ठेवला. पण मग ५२ ची २ × २६ ही फोडच बाद होते. गुणेंना पहिल्या क्षणी ४ आणि १३ कळतात आणि संभाषण सुरूच होत नाही.

मर्यादा वर सरकवली तर भानगड उलटी होते. बेरीज १६८४ पर्यंत चालेल असं म्हटलं तरी उत्तर ४ आणि १३ एवढंच राहतं. १६८५ ला मात्र दुसरी जोडी उगवते, ४ आणि ६१. शंभराच्या मर्यादेत ६५ ही बेरीज ५३ + १२ मुळे केव्हाच गेली होती. मर्यादा मोठी झाली की ५३ चा तो धाक राहत नाही. १९७० ला तिसरी जोडी येते, १६ आणि ७३. तेव्हाही बेरजे आणि गुणे हीच चार वाक्यं बोलू शकतात, आणि दोघांनाही आपापले आकडे नेमके कळतात. बेरजेंच्या कानात १७ आहेत की ६५, हे त्यांना स्वतःला ठाऊकच असतं. अडकतो तो फक्त बाहेर उभा राहून ऐकणारा.